रक्तदान शिबिर, रविवार १७ मे २०२६ : ठरलेल्या गोष्टी लेखी

नमस्कार मॅडम,

काल (गुरुवार, ७ मे) संध्याकाळी फोनवर आपलं जे बोलणं झालं, ते सगळं इथे लिहून पाठवते आहे. हाच मेसेज आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवरही टाकते, म्हणजे तुमच्याकडे आणि आमच्याकडे एकच मजकूर राहील. कृपया सावकाश वाचा आणि काही वेगळं असेल तर मोकळेपणाने सांगा.

शिबिर रविवारी, १७ मे २०२६ रोजी आहे. बोलताना आपण दोघीही "पुढचा रविवार" म्हणत होतो, म्हणून मुद्दाम लिहिते: परवाचा १० मे नाही, त्यानंतरचा १७ मे. रक्तदान सकाळी ९ ते दुपारी २. शेवटची नावनोंदणी दीड वाजता बंद होईल. त्यानंतर आलेल्यांची समजूत आम्ही घालू, तुमच्या माणसांना थांबवून ठेवणार नाही. तुमची टीम साडेसातला पोचेल. हॉल सात वाजता झाडून-पुसून उघडा असेल आणि किल्ली संजयकडे असेल.

ठिकाण: आमच्या सोसायटीच्या बी इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल, पौड रस्ता, कोथरूड, वनाझ मेट्रो स्थानकाजवळ. मागच्या शिबिराला क्लब हाऊस वापरलं होतं, या वेळी तिथे नाही. तुमचे ड्रायव्हरदादा तेच असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा. पुढच्या गेटची कमान बुटकी आहे, तुमची मोठी गाडी तिथून येणार नाही. मागच्या गल्लीतल्या गेटने यावं. वॉचमनला सांगून ठेवलंय आणि हॉलच्या दारासमोरच्या दोन पार्किंगच्या जागा शनिवारी रात्रीपासून मोकळ्या ठेवतो आहोत. लोकेशन याच्या खालोखाल पाठवते, ते मागच्या गेटचंच आहे.

तुमच्याकडून एक डॉक्टर, दोन नर्स, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवा कर्मचारी, दोन मदतनीस आणि ड्रायव्हर, असे अकरा जण येतील. सहा खाटा, वजनकाटा, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासण्याचं सामान, पिशव्या, रक्त न्यायच्या बर्फाच्या पेट्या, नोंदणी आणि संमतीचे फॉर्म, प्रमाणपत्रं आणि डोनर कार्डं हे सगळं तुम्ही आणणार. शिबिरासाठी जी सरकारी पूर्वसूचना द्यावी लागते, ती रक्तपेढीच देणार असं तुम्ही म्हणालात. सुया, कापूस, रक्त लागलेलं काहीही तुमची टीम परत नेईल. आमच्या कचऱ्याच्या डब्यांत त्यातलं काही जाता कामा नये, कारण सोमवारी पहाटे आमच्या सफाईताई ते डबे हातानं रिकामे करतात.

आमच्याकडे दहा टेबलं, साठ खुर्च्या, रक्तदानानंतर आडवं होण्यासाठी चार गाद्या, डॉक्टरांच्या तपासणीसाठी पडदा लावलेला कोपरा, हात धुवायला साबण-पाणी आणि पिण्याचं पाणी. हे सगळं संजय बघेल. विजेचं जरा नीट सांगते. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांना आहे, हॉलमधल्या प्लगला नाही. मे महिन्यात दुपारी दिवे गेले तर तुमची यंत्रं आणि पंखे दोन्ही बंद पडतील. म्हणून त्या दिवसापुरता वेगळा जनरेटर भाड्याने सांगितला आहे. तो शनिवारी संध्याकाळी येईल आणि आम्ही तो चालवून बघू. दोन कूलरही लावतो आहोत. जास्तीचे प्लग आणि वायर आमच्याकडून.

खाण्यापिण्याची वाटणी अशी: टीमचा सकाळचा चहा-पोहे आणि दुपारचं जेवण, अकरा जणांचं, आमच्याकडून. रक्तदात्यांसाठी बिस्किटं आणि कॉफी तुमच्याकडून, लिंबू सरबत आणि केळी आमच्याकडून. सरबताचं काम मीनलताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी घेतलंय. रक्त देऊन झालं की सगळ्यांना पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, लगेच उन्हात जाऊ द्यायचं नाही, हे त्यांना सांगितलंय. कुणाला चक्कर आली तर आधी तुमचे डॉक्टर बघतील. हलवावं लागलंच तर कुलकर्णीकाकांची गाडी दिवसभर हॉलशेजारी उभी असेल.

रक्तदाते आणणं ही जबाबदारी पूर्ण आमची. आतापर्यंत ७२ नावं आली आहेत. त्यातल्या काहींना तपासणीत नाही म्हटलं जाईल हे आम्हाला माहीत आहे. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देणाऱ्याचं वय ६० पर्यंत, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन आणि स्त्रियांचे चार महिने पूर्ण झालेले, वर्षभरात टॅटू काढलेला नसावा: हे आम्ही प्रत्येकाला आधीच कळवतो आहोत. तरी शेवटचा शब्द डॉक्टरांचा. आमचा एकही कार्यकर्ता तिथे "घ्या हो, चालतंय" असं म्हणणार नाही.

त्याच दिवशी अधिक ज्येष्ठ सुरू होतोय. अधिकात दान करायचं म्हणून काही ज्येष्ठ मंडळी आपणहून पुढे आली आहेत, याचा मला फार आनंद आहे. पण त्यातले काही जण महिनाभर एकभुक्त राहतात. त्यांना मी स्वतः भेटून सांगणार आहे की उपाशीपोटी रक्त घेतलं जात नाही, त्या दिवशी सकाळी खाऊनच या.

भेटवस्तू नाहीत. आमच्यातल्या एकांनी बॅगा वाटायची तयारी दाखवली होती, ती आम्ही नम्रपणे नाकारली. प्रमाणपत्र आणि कार्ड त्याच दिवशी हातात मिळेल, एवढंच आम्ही लोकांना सांगितलं आहे. याहून वेगळं आश्वासन कुणीच, आमच्या किंवा तुमच्या बाजूने, देऊ नये.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आता. रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरियाच्या चाचण्या रक्तपेढीत होतील. त्यात कुणाचं काही निघालं तर तुम्ही फक्त त्या व्यक्तीला बोलावून सांगणार. सोसायटीतल्या कुणालाही, मलासुद्धा, ते कळता कामा नये. तपासणीत कुणाला नाकारलं तर त्याचं कारणही पडद्याआडच सांगावं. भरलेले फॉर्म थेट तुमच्याकडे जातील, आम्ही त्यांचे फोटो काढणार नाही. आमच्याकडे राहील ती फक्त किती पिशव्या झाल्या याची संख्या.

मे महिन्यात कॉलेजं बंद, माणसं गावाला, म्हणून रक्त कमी पडतं असं तुम्ही म्हणालात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नसते. तांबड्या पेशी फार तर पाच-सहा आठवडे टिकतात, म्हणजे या पिशव्या जूनमध्ये कामी येतील. म्हणून दिवस वाया जाऊ नये एवढीच धडपड आहे.

रविवार १० मे, रात्री ८ पर्यंत "मान्य" किंवा जी दुरुस्ती असेल ती याच नंबरवर लिहून पाठवा. फोनवर बदल ठरला तरी तो इथे लिहूया. टीमची अडचण आली तर शुक्रवार १५ मे, दुपारी १२ च्या आत कळवा, म्हणजे ७२ जणांना निरोप देता येईल. शिबिराच्या दिवशी हॉल, वीज आणि गाडीसाठी संजय, रक्तदात्यांसाठी मी. दोघांचे नंबर तुमच्याकडे आहेतच. टीमसोबत येणाऱ्या प्रमुखांचं नाव आणि नंबर मात्र अजून मिळालेला नाही, तेवढा उत्तरासोबत पाठवा.

आपली,
वैशाली
सचिव, सोसायटी व्यवस्थापन समिती
शुक्रवार, ८ मे २०२६