कार्यभार हस्तांतर टिपण : मृदा नमुन्यांची नोंद आणि उपकरणांची निगा

स्थळ : मृदा परीक्षण प्रयोगशाळा, फोंडा
दिनांक : 31 मे
प्रति : नवनियुक्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ

आज मी सेवानिवृत्त होत असून नमुना नोंदवही, उपकरणे व कपाटांच्या चाव्या आपल्या स्वाधीन करीत आहे.

नमुना हाती येताच, तो सुकवायला पसरण्यापूर्वी, त्याला अनुक्रमांक द्यावा. तोच क्रमांक पिशवीवर, ट्रेवर आणि पिशवीत टाकायच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनेच लिहावा, कारण पावसात भिजलेल्या पिशवीवरची शाई पसरते. एका जूनमध्ये अशीच अक्षरे पुसली जाऊन खाजनातील माती आणि सत्तरीतील कुळागराची माती यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली. दोन्ही शेतकऱ्यांकडून पुन्हा नमुने मागवावे लागले. सर्व्हे क्रमांक प्रत्येक गावात नव्याने सुरू होत असल्याने गाव, तालुका आणि पोटविभाग लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण समजू नये. खाजन, मरड की कुळागर, हेही शेतकऱ्याला विचारून लिहावे, कारण पुढील पद्धत त्यावर ठरते : आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीतील स्फुरद ब्रे पद्धतीने काढतात, तर खाजनातील क्लोराइडमुळे वॉकली-ब्लॅक पद्धतीत सेंद्रिय कर्ब प्रत्यक्षाहून जास्त दिसतो.

माती सावलीतच सुकवावी आणि 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळावी. पावसाळ्यात तिला सुकायला कित्येक दिवस लागतात, पण घाईने ओव्हनमध्ये घातल्यास उपलब्ध पालाशाचे आकडे बदलतात.

उपकरणांत सर्वांत नाजूक पीएच मीटरचा इलेक्ट्रोड आहे. तो ऊर्ध्वपातित पाण्यात कधीही बुडवून ठेवू नये. त्यासाठी 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण खालच्या कप्प्यात आहे. दररोज सकाळी 7.0 आणि 4.0 च्या बफरने मीटर जुळवावे, आणि वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नये. आकडा स्थिरावायला वेळ लागू लागला की मीटरला दोष देण्याआधी इलेक्ट्रोड तपासावा. विद्युत वाहकता मीटरसाठी 0.01 नॉर्मल पोटॅशियम क्लोराइड वापरावे. 25 अंश सेल्सिअसला त्याचे वाचन 1.413 डेसीसीमेन प्रति मीटर यायला हवे. खाजनाच्या नमुन्यानंतर त्याची सळी नीट धुतली नाही, तर पुढची साधी मातीही खारट ठरते.

फ्लेम फोटोमीटर बंद करताना आधी काही मिनिटे ऊर्ध्वपातित पाणी ओढू द्यावे, नंतर गॅस बंद करावा आणि ज्योत विझल्यावरच कॉम्प्रेसर थांबवावा. तराजूच्या पेटीतील सिलिका जेल पावसाळ्यात लवकर गुलाबी पडते; ते ओव्हनमध्ये 110 अंशांवर निळे होईपर्यंत तापवून परत ठेवावे.

खरीपाचे 46 नमुने नोंदवून झाले असून त्यांपैकी 12 अद्याप सुकत आहेत. ते खिडकीजवळील मांडणीवर आहेत. त्या खिडकीतून पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून ते आजच आतल्या भिंतीकडे हलवावेत.

सेवानिवृत्त होणारे प्रयोगशाळा तंत्रज्ञ