वाणिज्यिक वीजजोडणी निवासी वर्गवारीत घेऊन मागील बिले दुरुस्त करणेबाबत अर्ज

दिनांक : ८ जुलै २०२५

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण कंपनी, शहर उपविभाग क्र. २

विषय : ग्राहक क्र. ६०४११८२७३, वर्गवारी एलटी-२ (वाणिज्यिक) ऐवजी एलटी-१ (निवासी) करून १० जून २०२४ पासूनची बिले दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १० जून २०२४ चा अर्ज (आवक शिक्क्यासह पोच) २) दि. २ जुलै २०२४ चा स्थळपाहणी अहवाल

महोदय,

वरील सिंगल फेज जोडणी तळमजल्यावरील गाळ्यासाठी घेतली होती. तेथील झेरॉक्स व स्टेशनरीचे दुकान ३१ मे २०२४ रोजी कायमचे बंद केले आणि दुकानाची नोंदणीही रद्द करून घेतली. आता शटरच्या जागी भिंत व दार असून मी आईसह तेथे राहते. वर्गवारी बदलण्याचा अर्ज १० जूनलाच दिला. २ जुलैला आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनी जागा पाहिली आणि अहवालात "वापर निवासी" असे नमूद केले. तरीही जून २०२५ चे बिल वाणिज्यिक दरानेच आले आहे. अहवालाची नोंद बिलिंग प्रणालीत झालेली नसावी. कृपया ती तपासावी.

वरच्या मजल्यावर निवासी मीटर आहे, त्यामुळे एकाच घरात दोन निवासी जोडण्या कशा, अशी शंका येऊ शकते. वरची जोडणी माझ्या दिरांच्या नावे आहे. दोन्ही कुटुंबांची शिधापत्रिका, स्वयंपाकघर आणि प्रवेशद्वार स्वतंत्र आहेत. म्हणून दोन्ही मीटरचे युनिट एकत्र करून स्लॅब लावू नयेत. खात्री करायची असल्यास पुन्हा पाहणी करावी; एक दिवस आधी कळवल्यास मी घरी थांबेन.

बिलांबाबत : जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा बिलांतील युनिट क्रमाने ११२, १०८, ११४, १२६, ९२, ८४, ७८, ८८, १२१, १५८, १७१ व १३४, एकूण १,३८६. दुरुस्ती महिनावार करावी. सगळे युनिट एकाच महिन्यात टाकले तर ५०० च्या वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि दुरुस्तीचा फायदा तिथेच संपतो. महिनावार मोजल्यास १,१४२ युनिट ० ते १०० च्या स्लॅबमध्ये व २४४ युनिट १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये बसतात. ३०० च्या वर एकही युनिट जात नाही. प्रत्येक महिन्यास त्या वेळी लागू असलेल्या आयोगाच्या दरआदेशातील दर धरावा. १० ते ३० जून २०२४ चा वापर ज्या बिलात आला असेल, त्याची दिवसांच्या प्रमाणात विभागणी करावी.

केवळ ऊर्जा आकार बदलून भागणार नाही. स्थिर आकार व इंधन समायोजन आकारही निवासी दराने काढावेत. वीज शुल्क वाणिज्यिक ग्राहकास २१ टक्के, निवासी ग्राहकास १६ टक्के आहे. तो फरक द्यावा. वीज विक्री कर निवासी वापरावर नसल्याने तो पूर्ण वजा व्हावा. मार्च २०२५ चे बिल वादात असताना लावलेला विलंब आकार रद्द करावा. सुरक्षा ठेव वाणिज्यिक बिलांच्या सरासरीवर घेतली होती, तीही नव्याने ठरवून जास्तीची रक्कम परत करावी.

वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६२(६) नुसार ठरलेल्या दरापेक्षा जादा घेतलेली रक्कम बँक दराइतक्या व्याजासह परत मिळते. त्याप्रमाणे व्याजासह होणारी रक्कम पुढील बिलांत जमा दाखवावी आणि महिनावार हिशेबाचा तक्ता मला द्यावा. नुसता "समायोजन" असा एक आकडा बिलावर आला, तर तो पडताळता येत नाही.

१ ते ९ जून २०२४ या दिवसांचा फरक मी मागत नाही, कारण तेव्हा माझा अर्ज आपल्याकडे नव्हता. आजवरची सर्व बिले भरली आहेत. जून २०२५ चे बिल ४ जुलैला हरकत राखून भरले. पुढील बिल दुरुस्त होऊनच यावे. या अर्जावरील निर्णय १५ दिवसांत लेखी कळवावा. नकार असल्यास कारण लिहून द्यावे, म्हणजे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाताना माझ्याकडे कागद राहील. तेथे तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि त्यातले एक वर्ष आधीच गेले आहे.

आपली विश्वासू,
माधवी दिनकर सोनटक्के

सोबत : आधीच्या अर्जाची पोच, स्थळपाहणी अहवालाची प्रत, बारा बिले व पावत्या, दुकान नोंदणी रद्द झाल्याचा कागद, निवासी आकारणीची मालमत्ता कर पावती, दोन्ही शिधापत्रिकांच्या प्रती, आजच्या रीडिंगसह मीटरचा फोटो.

(दोन प्रती दिल्या आहेत. एकीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का देऊन परत करावी.)