विषय: चाळीस वर्षं वेण्या वळल्यावर चपलेवर स्वतःचं नाव – निपाणीची बातमी

नमस्कार मॅडम,

माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं कोल्हापुरी चपलांच्या वेण्या वळल्या, पण चपलेच्या तळावर त्यांच्या नावाचा ठसा पहिल्यांदा उमटला तो या दिवाळीत. डाव्या तळावर मराठीत 'यमुनाबाई, निपाणी' आणि उजव्यावर तेच कन्नडमध्ये.

विडी कामगार बायकांवरचा तुमचा लेख आमच्या गल्लीत मोठ्यानं वाचला गेला. म्हणून हे पत्र सगळ्यात आधी तुम्हाला.

कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन २०१९ साली मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार महाराष्ट्रातले आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकातले. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा टीव्हीवर कोल्हापूरचं नाव दिवसभर ऐकलं. निपाणी, अथणीचं नाव कानावर आलं नाही, आणि घराघरात वेणी वळणाऱ्या बायकांचं तर नाहीच.

चामडं कापायचं, तळ शिवायचा हे पुरुषांचं काम, वेणी बायकांची. सासूबाई ओल्या चामड्याच्या बारीक वाद्यांचं टोक पायाच्या अंगठ्यात धरतात आणि न बघता वळत जातात. त्या अंगठ्याला आता कायमची खाच पडली आहे. फोटो काढायचा तर आधी तिचा काढा, असं मला वाटतं. एका जोडाच्या वेणीचे व्यापारी पंधरा रुपये द्यायचा. तोच जोड दुकानात किती रुपयांना जातो, हे त्यांना मी लग्न होऊन आल्यावर कळलं.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तिघींना घेऊन आम्ही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं स्वतः विकत आणायला लागलो. तळ शिवायला माझे दीर आहेत. आज महिन्याला साठेक जोड होतात, एक जोड १,२०० रुपयांना जातो. सगळं सुरळीत आहे असं नाही. पावसाळ्यात चामडं वाळत नाही, ते चार महिने हात रिकामे राहतात, आणि चामड्याचे पैसे रोख मोजावे लागतात. हिशेबाची वही तुम्हाला दाखवीन, त्यात तोट्याचे महिनेही आहेत.

ठसा मारलेला पहिला जोड सासूबाईंनी विकू दिला नाही. "ह्यो माझा हाय, ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. तो देव्हाऱ्याखालच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलाय.

पुणे-बेंगळुरू महामार्गावरून आमचं घर दहा मिनिटांवर आहे. सकाळी नऊ ते एक काम चालतं, तेव्हा चौघीही भेटतील आणि मोकळेपणानं बोलतील. व्यापाऱ्याचं नाव मात्र छापू नये, एवढी विनंती; त्याच्याकडे अजून गल्लीतल्या पुष्कळ बायका काम करतात. येत्या रविवारपर्यंत या मेलला उत्तर द्याल का? तोवर दुसऱ्या कुणाला कळवत नाही.

आपली,
सुरेखा
निपाणी, जि. बेळगाव