फक्त पास व्हायचा पेपर

रविवार, २५ मे २०२५
साखळी, रात्रीचे पावणेबारा

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. मे संपायच्या आत असा पाऊस मला तरी आठवत नाही. वीज दोनदा जाऊन आली. आईने मघाशी दारातून विचारलं, "जेवलीस गो नीट?" पेज आणि सुक्या सुंगटांची किसमूर होती, एरवी तीन वाट्या पेज प्यायले असते. आज अर्धी वाटीच गेली. बाबांनी यूपीएससीची पूर्वपरीक्षा कशी गेली हे विचारलंच नाही. सकाळी पावसात रेनकोट घालून स्कूटरवरून स्टँडपर्यंत सोडायला आले होते, प्रवेशपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी स्वतःच्या शर्टाच्या आत धरली होती. न विचारणं त्याहून जड गेलं.

सकाळच्या जीएसबद्दल, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरबद्दल, फार लिहायचं नाही. अवघड होता, पण तो सगळ्यांनाच अवघड होता. 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत' या प्रकाराने नेहमीसारखा छळ केला, कारण त्यात एक विधान ठाम माहीत असून काही उपयोग नसतो. तरी दोन-तीन आन्सर की लावून बघितल्या तर नव्वदच्या पुढे जातेय. गेल्या वर्षी खुल्या गटाचा कटऑफ ८७.९८ होता. यंदा किती लागेल देव जाणे, पण घाबरण्यासारखं नाही.

घात दुपारी झाला.

सीसॅट, म्हणजे उतारे, गणित आणि तर्काचा दुसरा पेपर. ८० प्रश्न, २०० गुण, ३३ टक्के म्हणजे ६६ मिळाले की झालं. २०१५ पासून हा पेपर फक्त पास व्हायचा आहे, आणि या 'फक्त'नेच मला खाल्लं. वर्षभर मीच सगळ्यांना सांगत होते, सीसॅटचं काय, अकाउंट्समध्ये काम करते मी, आकड्यांना घाबरेन का! आकड्यांना घाबरले नाहीच. भलतीकडेच माती खाल्ली.

प्रश्नपत्रिका घरी आणता येते, म्हणून काय काय केलं ते समोर आहे. हिशेब इथे मांडते, म्हणजे उद्या मनात गोड गोष्टी रचता येणार नाहीत. एकूण ४१ सोडवले. ज्या कीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे तिच्यानुसार ३० बरोबर, ११ चूक. बरोबरला अडीच गुण, म्हणजे ७५. चुकीला एक तृतीयांश जातो, म्हणजे अकरा चुकांचे ९.१७ गेले. उरले ६५.८३.

पासष्ट पूर्णांक त्र्याऐंशी. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं.

आता यातली खरी गंमत. चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मी न वाचताच पाच गोळे काळे केले, सगळे 'सी'. त्यातला एक लागला, चार चुकले. अडीच मिळाले, तीन पूर्णांक तेहेतीस गेले. ते पाच गोळे कोरे सोडले असते तर २९ बरोबर, ७ चूक, ६६.६७. म्हणजे शेवटची दोन मिनिटं हात बांधून गप्प बसले असते तर आत्ता आईची पेज संपवली असती. दादा फोनवर म्हणाला, आंधळ्या तुक्क्यात सरासरीने ना फायदा ना तोटा, चारात एक लागला की हिशेब शून्यावर येतो. बरोबरच आहे. पण सरासरी मोजायला शेकडो गोळे लागतात, माझ्याकडे पाच होते. जीएसमध्ये दोन पर्याय उडवून मारलेला तुक्का फळतो, ती सवय मी दुपारी तशीच घेऊन बसले आणि इथे एकही पर्याय उडवलेला नव्हता.

दुसरं, ते अंकांचं गणित. पत्रिकेवर त्याच्या बाजूला इतकं खरडलंय की छापलेला प्रश्न दिसत नाही. नऊ मिनिटं घालवली त्याच्यावर. तिसऱ्या मिनिटालाच कळलं होतं की सुटत नाही. पण अकाउंट्सवाली ना मी! शेवटी सोडूनच दिलं. परतीच्या कदंब बसमध्ये आमोण्याचा पूल ओलांडताना अचानक सुटलं, तेही बोटांवर. खिडकीतून आत पाणी येत होतं आणि मी वेड्यासारखी हसले. शेजारची मावशी सरकून बसली.

उतारे इंग्रजीत मला हळू जातात, हे काही आज कळलं नाही. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, मग हायस्कूलला इंग्रजी, वाचते नीट पण वेग येत नाही. आज एका उताऱ्यात अडकले म्हणून शेजारचं हिंदी वाचायला गेले, तर ते इंग्रजीपेक्षा जड! ते दोन्हीकडचं वाचणं बंद करायचं. एकच भाषा धरायची.

आणि झोप. ही गोष्ट कुणाला सांगितली तर हसतील, पण खरी आहे. अडीच वाजता आपल्याकडे माणसं जागी असतात का? रविवारी आमच्या घरात अडीचला मांजरसुद्धा निजलेलं असतं. वर्षभर मी पहाटे पाच ते आठ अभ्यास केला, सराव पेपर सोडवले ते सगळे पहाटे. अडीच ते साडेचार या वेळेत एकही पेपर कधी सोडवला नाही. आज तिसऱ्या उताऱ्यावर डोळे मिटत होते, एकच ओळ चार वेळा वाचली. त्यात मधल्या सुट्टीत जिन्यावर बसून तीन मुलांबरोबर सकाळची उत्तरं जुळवत बसले. एकाचं माझ्याशी जुळलं नाही, तेच डोक्यात घोळत राहिलं. आईने दिलेल्या चपात्यांतली एक खाल्ली, बाकी तशाच परत आल्या. जिन्यावर पुन्हा बसायचं नाही. डबा घेऊन लांब कोपऱ्यात जायचं, छत्री उघडून बसावं लागलं तरी.

सहा संधींतल्या दोन संपल्या. आयोगाची खरी उत्तरतालिका सगळी प्रक्रिया संपल्यावरच येते, त्यामुळे ६५.८३ हा आकडा नक्की नाही. एका कीने मला ३१ बरोबर दिलेत, तिच्या हिशेबाने मी पास. त्या कीचं पान मोबाईलवर उघडं ठेवलंय, बंद करवत नाही. निकालापर्यंत मुख्य परीक्षेच्या मराठी साहित्याचं वाचन चालू ठेवीन, पण आशेवर सीसॅट सोडायचं नाही.

मघाशी आईला सांगितलं, पुढच्या रविवारपासून दर रविवारी अडीच ते साडेचार मी जेवणाच्या टेबलावर पेपर सोडवणार, कुणी हाक मारायची नाही. पहिल्यांदा २०२३ चा काढीन, तो अवघड म्हणतात. नियम एवढाच की तीन मिनिटांत नाही सुटलं तर प्रश्नावर काट मारून पुढे, आणि सव्वाचारनंतर न वाचलेल्या प्रश्नाला पेन लावायचं नाही. आई म्हणाली, "रविवारी दुपारी? मग निजायचं कधी?"

बाबांनी आतून ओरडून सांगितलं, "टेबल नको, ते हलतं. माझं ऑफिसचं जुनं डेस्क माळ्यावर आहे, उद्या काढतो."