खो-खोची झेप : शालेय क्रीडादिनाच्या पोस्टरसाठी प्रॉम्प्ट

साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या वार्षिक क्रीडादिनासाठी उभं पोस्टर तयार कर. रुंदी-उंचीचं प्रमाण २:३. त्याचा दोन फूट बाय तीन फुटांचा फ्लेक्स शाळेच्या फाटकावर लागणार आहे आणि तेच चित्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर जाणार आहे. त्यामुळे रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला आणि मोबाइलवर अंगठ्याएवढं चित्र पाहणाऱ्यालाही एका नजरेत एकच गोष्ट दिसली पाहिजे : एका मुलीने खांबाला धरून घेतलेली झेप.

हा प्रसंग खो-खोचा आहे. साधारण तेरा वर्षांची मुलगी खांबाजवळ जवळजवळ आडवी हवेत आहे. उजव्या हाताने तिने लाकडी खांब घट्ट धरला आहे, अंग खांबाभोवती फिरून पुढे फेकलं गेलं आहे, दोन्ही पाय जमिनीपासून सुटले आहेत आणि डावा हात पुढे पळणाऱ्या मुलीच्या पाठीपर्यंत पोहोचतोय. बोटं आणि पाठ यांच्यात चार बोटांचं अंतर. हे अंतर मिटवू नकोस. बाद झाली की निसटली, हे चित्रात ठरता कामा नये, पोस्टरचा सगळा जोर त्या चार बोटांतच आहे. पळणाऱ्या मुलीने पाठीला बाक देऊन कंबर पुढे काढली आहे आणि मान वळवून मागे पाहते आहे. चेहऱ्यावर भीती नको. ‘आता गंमत बघ’ असं हसू हवं, दात दिसले तरी चालतील. झेप घेणारीचे ओठ मात्र घट्ट मिटलेले, नजर फक्त समोरच्या पाठीवर.

खांबाची उंची सव्वा मीटरच्या आत, म्हणजे या मुलींच्या छातीपर्यंत. वरचं टोक गोल, गुळगुळीत. त्याला झेंडा, जाळी, दिवा, फुगे काही लावू नकोस. मागे मैदानाच्या मध्यावरून चुन्याच्या फक्कीने आखलेली अरुंद पट्टी लांबपर्यंत जाते आणि तिच्यावर बाकीच्या मुली चौकोनांत बसल्या आहेत. एकीचं तोंड डावीकडे, तिच्या शेजारणीचं उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असा आलटून-पालटून क्रम. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला झाली तर ती प्रार्थनेची रांग होईल, आणि ज्याने एकदा जरी खो दिलाय तो ते पाहून हसेल. बसणं मांडी घालून नव्हे. उकिडवं, एक पाय मागे, पायाच्या बोटांवर जोर, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, खो मिळताक्षणी उठायच्या तयारीत. नियमाने अशा आठ जणी असतात, पण चित्रात चार-पाच स्पष्ट दिसल्या तरी पुरे, त्यांच्यापलीकडच्या जणी धुळीत विरून जाऊ देत.

पाहणाऱ्याचा डोळा जमिनीजवळ ठेव, घोट्याच्या उंचीवर, जणू कोणी मैदानाकडेला पालथं पडून पाहतंय. त्यामुळे झेप घेणारी मुलगी आभाळावर उमटेल आणि मोठी वाटेल. तिचं अंग डावीकडून खालून उजवीकडे वर अशा तिरक्या रेषेत असावं, खांब चौकटीच्या उजव्या तिसऱ्या भागात. वेग दाखवायला अंगामागे पांढऱ्या फराटेदार रेषा ओढू नकोस, कार्टूनसारखं दिसतं. वेग तीन गोष्टींतून येऊ दे : टाचेखालून उडालेला मुरूम, मागे फेकली गेलेली लाल फितीची वेणी आणि पोटापाशी वाऱ्याने फुगलेला टी-शर्ट.

वेळ सकाळी साडेआठची, जानेवारी. चौकटीत मागे अजिंक्यतारा हवा, माथा सपाट, कडे तुटलेले, थंडीच्या धुक्यात निळसर. किल्ला शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणजे आपण दक्षिणेकडे तोंड करून पाहतोय आणि सूर्य डावीकडून, थोडा समोरून येतो. प्रकाश त्याच बाजूने हवा : डाव्या कडांवर सोनेरी रेघ, सावल्या लांब, उजवीकडे आणि आपल्याकडे पडणाऱ्या. डोंगराला बर्फ नको, पाइनची झाडं नकोत. मैदानाच्या कडेला एक मोठा कडुनिंब आणि कुंपणापलीकडे तुरे आलेला ऊस, एवढं पुरतं. जमीन तांबूस मुरमाची. हिरवळ, सिंथेटिक ट्रॅक, फ्लडलाइट, खुर्च्यांचं स्टेडियम यातलं काहीही नको. असलं मैदान आमच्याकडे नाही आणि नसलेलं पोस्टरवर दाखवायचं नाही.

दूरवर, लहान आकारात, फक्त तीन दृश्यं. डावीकडे रिलेच्या दोन मुलांमध्ये बॅटन हातोहात जाताना. मधोमध, कडुनिंबाखाली, लाल मातीत कुस्तीची एक जोड, दोघांच्या पकडी घट्ट, डोकी खांद्याला भिडलेली. उजवीकडे लेझीम पथक, हात एका लयीत वर गेलेले. कुस्ती मुद्दाम ठेवली आहे. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारतासाठी पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन आहे. आपला कार्यक्रम त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पण खाशाबांचा चेहरा काढू नकोस, पुतळाही नको. धड न जमलेला चेहरा लावण्यापेक्षा मातीतली जोड बरी. लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, संगीत खुर्ची हे सगळं क्रीडादिनात आहेच, पण पोस्टरमधून वगळ. लिंबू-चमच्यात कितीही चुरस असली तरी चित्रात ती मुलं उभी राहिल्यासारखी दिसतात.

शैली पोस्टर कलरने रंगवल्यासारखी : जाड, सपाट, पाणी कमी घातलेले रंग, ब्रशचे फटकारे दिसणारे, कडा ठाम. फोटोसारखं चित्र नको. फोटोसारखा चेहरा आला की पहिला प्रश्न येतो, ‘ही कुणाची मुलगी?’, आणि मग आमचीच का नाही, हा दुसरा.

रंग भडक हवेत, पण सगळीकडे सारखे भडक नकोत. झेप घेणारी गडद निळ्या टी-शर्टमध्ये, कारण तांबूस मातीवर आणि फिकट आभाळावर निळा सर्वांत ठसठशीत उठतो. पळणारी झेंडूच्या पिवळ्यात. मागे बसलेल्या सगळ्या निळ्यात, कारण त्या पाठलाग करणाऱ्या संघाच्या आहेत. हिरवा आणि लाल हे उरलेल्या दोन हाऊसचे रंग रिले, कुस्ती आणि लेझीममध्ये वाटून टाक. आभाळ वर फिकट निळं, डोंगराजवळ किंचित केशरी. चमकता पोपटी आणि फ्लुरोसंट गुलाबी टाळ. पडद्यावर ते झगमगतात आणि छापून आले की मळके दिसतात. मुलींची कातडी खरीखुरी, उन्हात रापलेली, गव्हाळ ते सावळी अशा वेगवेगळ्या छटांची. एकीच्या डोळ्यांवर इलास्टिकने बांधलेला चष्मा असू दे. काही जणी अनवाणी, काहींच्या पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, मुरमाने तांबडे झालेले. कपड्यांवर कुठल्याही कंपनीचं चिन्ह नको, पाठीवर नंबर नको.

आता मोकळ्या जागा. या नीट जमल्या नाहीत तर बाकीचं चित्र कितीही सुंदर असलं तरी वापरता येणार नाही.

वरचा पाचवा भाग निव्वळ आभाळ. तिथे ‘वार्षिक क्रीडादिन’ मोठ्या अक्षरांत येईल. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या आणि रफार असतात आणि खाली उकार लोंबतात, म्हणून इंग्रजी मथळ्याला लागते त्याहून उंच पट्टा सोड. ढग, पक्षी, किल्ल्याचा माथा, मुलीचा हात, काहीही त्यात घुसू नये.

खालचा पूर्ण चौथा भाग तारीख आणि स्थळासाठी. ही जागा चिकटवलेल्या पांढऱ्या चौकोनासारखी दिसायला नको. उडालेल्या मुरमाची धूळ खाली येता येता विरत जाऊन फिकट सायीच्या रंगाची, एकसारखी सपाट व्हावी, आणि फक्कीची एक जाड पांढरी रेघ डावीकडून तिरकी येऊन त्या जागेची वरची कड बनावी. त्या रेघेवरून नजर आपोआप तारखेवर घसरते. या भागात खडे, सावली, पाऊल, पोत काही नको. सावल्या आपल्याकडे पडणाऱ्या आहेत, त्या रेघेपाशीच थांबव, प्रकाशाचा नियम मोडला तरी चालेल. तिथे पुढच्या दोन ओळी गडद निळ्या अक्षरांत बसणार आहेत :

शनिवार, १६ जानेवारी २०२७, सकाळी ७.३० वाजता
स्थळ : शाळेचे क्रीडांगण, सातारा

या ओळी फक्त जागेचा अंदाज यावा म्हणून दिल्या आहेत. त्या चित्रात लिहू नकोस. शाळेचं नाव, मथळा, आकडे, फळ्यावरची अक्षरं, बॅनरवरची अक्षरंसुद्धा नकोत. चित्रात उमटलेल्या मराठीत ‘क्री’चा ‘की’ होतो आणि जोडाक्षरं फुटतात. अक्षरं आम्ही नंतर हाताने लावू. शाळेच्या बोधचिन्हासाठी वर डाव्या कोपऱ्याजवळ आभाळ मोकळं आहेच, वेगळं वर्तुळ काढू नकोस.

चारही कोपऱ्यांत आणि कडेने बोटभर पट्टीत महत्त्वाचं काही येऊ नये. फ्लेक्सला तिथे आयलेट ठोकतात आणि दोरी जाते. मागच्या वर्षी अशाच एका भोकात मशाल धरलेल्या मुलाचा चेहरा गेला होता.

शरीररचनेत चूक नको : प्रत्येक हाताला पाच बोटं, खांब धरलेल्या हाताचा अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने वळलेला, मनगट मोडल्यासारखं नको. झेपेत गुडघे उलटे वाकलेले नकोत. दोघींचे पाय एकमेकींत अडकलेले किंवा कुणाचा तिसरा पाय निघालेला नको. मुली शाळकरी वयाच्याच दिसाव्यात, मोठ्या खेळाडूंची शरीरं नकोत. पूर्ण बाह्यांचे किंवा कोपरापर्यंतचे टी-शर्ट, ट्रॅकपँट किंवा गुडघ्यापर्यंतची सैल चड्डी. प्रेक्षक म्हणून कुंपणाकडेला दहा-बारा मुलं पुरेत, चेहऱ्यांचे तपशील न देता, फक्त वर गेलेले हात आणि उघडी तोंडं. शिट्टी तोंडात धरलेल्या बाई एका बाजूला, पांढऱ्या साडीत नव्हे, ट्रॅकसूटमध्ये.

एकाच रचनेची चार चित्रं दे. चारही चित्रांत झेप, खांब आणि मोकळ्या जागा तशाच ठेव, बदल फक्त पळणाऱ्या मुलीच्या ठेवणीत आणि धुळीच्या प्रमाणात कर. एकात धूळ जवळजवळ नाहीच, एकात इतकी की मागचं लेझीम पथक अर्धं झाकलं जाईल.

त्यातलं एक निवडल्यावर त्याचीच चौरस आवृत्ती लागेल, व्हॉट्सॲपच्या डीपीसाठी. तीत किल्ला, रिले, कुस्ती, लेझीम, प्रेक्षक सगळं काढून टाक. खांब, दोन मुली आणि चार बोटांचं अंतर ठेव, आणि खाली एका ओळीत तारीख मावेल एवढी सायीच्या रंगाची पट्टी.