शिक्षकांची आचारसंहिता: शिकवणी, भेटवस्तू आणि समाजमाध्यमे

ही आचारसंहिता आपल्या शाळेतील पाचवी ते दहावीच्या सर्व शिक्षकांना आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांनाही १५ जून २०२६ पासून लागू राहील. खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या नियमावलीत वर्तणुकीचे नियम आहेतच. अडचण येते ती समोरचा माणूस ओळखीचा असतो आणि त्याला नाही म्हणणे जड जाते तेव्हा. म्हणून इथे नियमांबरोबर शिक्षकसभेत पुढे आलेले पेचही लिहिले आहेत.

खासगी शिकवणी

पैसे घेऊन शिकवणी घ्यायची नाही. घरी नाही, क्लासमध्ये नाही, ऑनलाइनही नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने ती मनाई केली आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा, अशी पळवाट नववी-दहावीच्या शिक्षकांनी काढू नये. उलट तिथेच जास्त जपायला हवे, कारण दहावीच्या विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आपल्या हातात असतात. फी भरणाऱ्याला १९ आणि शेजारच्याला १६ पडले, तर ते कितीही प्रामाणिकपणे दिलेले असोत, वर्गातले एकही मूल त्यावर विश्वास ठेवणार नाही.

पेच: गणिताच्या सरांच्या पत्नी घरी क्लास चालवतात. तो त्यांचा व्यवसाय आहे, त्याला शाळेची हरकत नाही. सरांनी ही गोष्ट मुख्याध्यापकांना लेखी कळवावी. तिथे शिकवू नये, पेपर तपासू नयेत, वर्गात त्या क्लासचे नाव काढू नये. आपल्या तुकडीतले मूल तिथे जात असेल, तर त्याचे अंतर्गत गुण दुसऱ्या शिक्षकाने द्यावेत.

पेच: दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला मुलगा मार्चमध्ये परततो. त्याची चार महिन्यांची शाळा बुडालेली असते. वडील म्हणतात, "सर, उचलीतले थोडे पैसे शिल्लक आहेत, घ्या, पण पोराला शिकवा." पैसे घ्यायचे नाहीत आणि मुलाला मात्र शिकवायचे. शाळा सुटल्यावर वर्गातच, दार उघडे ठेवून, मुख्याध्यापकांना सांगून. बुडालेला अभ्यास भरून काढणे हे आपलेच काम आहे. एका शिक्षकावर भार पडत असेल, तर तासिका वाटून घेऊ.

भेटवस्तू

निकालाचे पेढे, संक्रांतीचा तिळगूळ, शिक्षकदिनाला मुलीने स्वतः केलेले कार्ड, शेतातली सीताफळांची पाटी या गोष्टी नाकारून माणसाचा अपमान करू नका. खाऊ शिक्षककक्षात सगळ्यांपुढे ठेवावा. रोख रक्कम, सोने, मोबाइल, कपडे, कसलेही कूपन मात्र घ्यायचे नाही. गुरुपौर्णिमेला वर्गाने वर्गणी काढून भेट आणणे आम्ही बंद करत आहोत. ज्याच्याकडे वीस रुपये नसतात, तो मुलगा त्या दिवशी गैरहजर राहतो, हे आपण पाहिले आहे.

पेच: परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पालक साडी घरी ठेवून जातात, बाई घरी नसतात. दुसऱ्याच दिवशी साडी मुख्याध्यापकांकडे द्यावी, भेट-नोंदवहीत लिहावे आणि पालकांना शाळेत बोलावून सन्मानाने परत करावी. मुलाच्या हाती परत पाठवू नये. मोठ्यांची शरम त्याच्या दप्तरात घालायची नाही.

गाइड आणि स्वाध्यायपुस्तिका विकणाऱ्यांकडून कमिशन घेणे ही भेट नव्हे, लाच आहे.

समाजमाध्यमे

वर्गाचा व्हॉट्सॲप गट पालकांचा असेल, त्यात मुख्याध्यापक असतील आणि रात्री आठनंतर त्यावर सूचना जाणार नाहीत. गुणांच्या याद्या तिथे टाकू नयेत. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक खात्यांना जोडून घेऊ नये; विनंती आली तर रागावू नका, न स्वीकारण्याचे कारण वर्गात मोकळेपणाने सांगा. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचा फोटो किंवा रील स्वतःच्या खात्यावर नको.

पेच: दात्याने गणवेश वाटले, फोटो हवा आहे. कपडे हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलांचा फोटो द्यायचा नाही. गणवेशांच्या गठ्ठ्यांसह दाता आणि मुख्याध्यापक यांचा फोटो पुरेसा आहे.

पेच: रात्री अकराला आठवीतल्या मुलीचा संदेश येतो, "मॅडम, मला घरी भीती वाटते. कुणाला सांगू नका." इथे आठचा नियम आड येऊ देऊ नका. लगेच उत्तर द्या, ती सुरक्षित आहे का विचारा, धोका असेल तर त्याच क्षणी १०९८ किंवा ११२ वर फोन करा. संदेश पुसू नका. गुपित राखण्याचे वचन देऊ नका. "तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन," असे तिला खरे सांगा. त्याच रात्री मुख्याध्यापकांना कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून थांबायला सांगणाऱ्याचे, तो संचालक असला तरी, ऐकायचे नाही.

तक्रार आणि चूक

पेचात सापडल्यास आधी विचारावे. मुख्याध्यापक, दोन ज्येष्ठ शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक यांची समिती सात दिवसांत उत्तर देईल. स्वतःहून सांगितलेली पहिली चूक नोंदवून दुरुस्त केली जाईल; लपवलेली चूक सेवा नियमांनुसार चौकशीसाठी जाईल. विद्यार्थ्याने किंवा पालकाने तक्रार केली म्हणून त्या मुलाच्या गुणांत, बसण्याच्या जागेत वा स्नेहसंमेलनातल्या भूमिकेत फरक पडला, तर तोही या संहितेचा भंग मानला जाईल.