आपल्या बंदरावरचा उपग्रह
(राष्ट्रीय अंतराळ दिन, २३ ऑगस्ट २०२५ : मुख्याध्यापकांचे भाषण)

शाळा समितीचे मान्यवर सदस्य, पालकहो, सहकारी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनो,

दोन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा याच सभागृहात आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतरच्या पालकसभेत एका नाखवांनी मला विचारले, ‘‘सर, यान चंद्रावर गेले, आनंद आहे; पण त्याने आमच्या बोंबलाला भाव येणार आहे का?’’ सभेत हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला, कारण त्या मोहिमेसाठी लागलेले सुमारे सहाशे कोटी रुपये अखेर तुमच्या-आमच्या करातूनच आले होते. त्या दिवशी वेळेअभावी राहिलेले उत्तर मी आज देणार आहे.

बोंबलाचा भाव उपग्रह ठरवत नाही, हे आधीच मान्य करतो. पण श्रीवर्धन तालुक्यात राहणाऱ्या माणसाला उपग्रहाचा उपयोग समजावून सांगण्यासाठी चंद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. ३ जून २०२० ही तारीख पुरेशी आहे. निसर्ग चक्रीवादळाने त्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर धडक दिली. वाड्यांमधल्या पिढ्यानपिढ्यांच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, आपल्या प्रयोगशाळेचे छप्परही गेले. तरीही वादळ येण्यापूर्वीच होड्या किनाऱ्याला लागलेल्या होत्या आणि खाडीकाठची कुटुंबे याच इमारतीच्या वर्गांमध्ये येऊन बसलेली होती. आज दहावीत असलेल्यांपैकी काही जण तेव्हा आईचा हात धरून इथे आलेले मला आठवतात. हा इशारा वेळेत देता आला, त्यामागे पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून भारतावर सतत नजर ठेवणाऱ्या इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची छायाचित्रे होती. समुद्रावर वेधशाळा बांधता येत नाही. तिथे आकार घेणारे वादळ दिसते ते वरूनच.

अर्थात, केवळ उपग्रह असून भागत नाही. १९९९ मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आले तेव्हाही उपग्रह होतेच, तरी सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये त्याच राज्याच्या किनाऱ्यावर फायलिन वादळ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवल्यामुळे मृतांचा आकडा काही दहांच्या घरात राहिला. मधल्या काळात अंदाज अधिक अचूक झाले, निवारे उभे राहिले आणि सांगितलेले ऐकण्याची सवय लोकांना लागली. शास्त्रज्ञाचे काम गावापर्यंत पोहोचते ते असे, अनेक हातांतून.

आता मासळीकडे वळतो. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींमुळे बदलणारा त्याचा रंग उपग्रह टिपतात. जिथे हे खाद्य भरपूर, तिथे मासे जमण्याची शक्यता अधिक, या साध्या तत्त्वावर हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती देते. आकाश ढगाळ असले की ही माहिती मिळण्यात अडचण येते, आणि जाळ्यात काय येईल याची हमी तर कोणीच देत नाही. परंतु अंदाजाने भटकण्यात जाणारे डिझेल वाचले, तर तो पैसा नाखवाच्याच घरात राहतो. गेल्या वर्षी ३० ऑगस्टला पालघर येथे मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. मोबाइलची रेंज संपल्यानंतरही होडीवरून संदेश पाठवता यावा, हा त्याचा हेतू. ज्यांच्या घरी माणूस परतेपर्यंत चूल थंड असते, त्यांना याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

मग चंद्रावर जायचेच कशाला, असे कोणी विचारेल. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकाने नेले, त्याच प्रक्षेपकाने दळणवळणाचे उपग्रहही अवकाशात सोडले आहेत. अवघड मोहिमेसाठी कमावलेले कसब रोजच्या कामाला येते. शिवाय भारताच्या अंतराळ कार्यक्रमाची सुरुवातच मुळी कोळ्यांच्या वस्तीत झाली. केरळमधील थुंबा या किनारी गावात विक्रम साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडवले, आणि तिथले चर्च त्यांचे कार्यालय झाले. त्या गावाने जागा दिली म्हणून हे काम उभे राहिले, ही गोष्ट मला कोणत्याही यशाइतकीच महत्त्वाची वाटते.

कार्यक्रमानंतर नववीचे विद्यार्थी हवामान विभागाच्या संकेतस्थळावरील आजचे उपग्रह छायाचित्र पडद्यावर दाखवतील आणि आपला किनारा त्यात कसा ओळखायचा ते सांगतील. बोंबलाच्या भावाचा प्रश्न विचारणारे नाखवाही आज आलेले आहेत. त्यांनी पहिल्या रांगेत बसावे, अशी माझी विनंती आहे.